फोटोतल्या चित्रपट्टीला पुढच्या तीन चौकटी कशा जोडाव्यात

चित्रपट्टी पुढे न्यायची म्हटलं की बहुतेक जण थेट लिहायला बसतात आणि पहिल्याच चौकटीत अडकतात. त्याला कारण आहे. चार चौकटींची पट्टी चौथ्या चौकटीत संपलेली असते. विनोद फुटलेला असतो, वाचक हसलेला असतो, पुढे काही घडण्याची गरज उरलेली नसते. गोष्ट अर्धवट असती तर ती पूर्ण करता आली असती. इथे पुरं झालेलं काहीतरी पुन्हा उघडायचं असतं. म्हणून "पुढे काय होईल?" हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही. "हा विनोद कशामुळे चालला, आणि तेच यंत्र आणखी एकदा, दुसऱ्या जागेवरून कसं फिरवता येईल?" असं विचारलं की हात मोकळा होतो.

हे नुसतं सांगून कळणार नाही, म्हणून एक पट्टी घेऊन शेवटपर्यंत जाऊ. ती या लेखासाठीच रचली आहे. समजा तुमच्याकडे छापील पानावरच्या या पट्टीचा फोटो आहे:

पहिली चौकट. डावीकडे काका जमिनीवर बसून लाकडी स्टूल जोडतोय. उजवीकडे चिऊ, आठेक वर्षांची, हातात कागद घेऊन उभी.
चिऊ: काका, हे वाचलंत?
काका: सूचनापत्रिका वाचणं म्हणजे स्वतःच्या बुद्धीवर अविश्वास दाखवणं.

दुसरी चौकट. स्टूल तयार. चिऊच्या तळहातावर काहीतरी बारीक.
चिऊ: काका, तीन स्क्रू उरलेत.
काका: उरलेले नाहीत. राखीव आहेत.

तिसरी चौकट. शब्द नाहीत. काका ऐटीत स्टुलावर बसलाय. स्टुलाचा एक पाय किंचित बाहेर झुकलेला.

चौथी चौकट. काका जमिनीवर आडवा, भोवती स्टुलाचे तुकडे.
चिऊ: राखीव आता काढायचे का?

आता याला पाचवी, सहावी आणि सातवी चौकट जोडायची आहे.

आधी फोटो नीट वाचता आला पाहिजे

हे काम कंटाळवाणं वाटतं, पण अर्ध्याहून जास्त चुका इथेच होतात. फोटो स्वतः काढणार असाल तर पान सपाट ठेवा आणि फोन पानाला समांतर धरा. तिरका धरला तर लांबच्या बाजूच्या चौकटी आखडतात आणि फुग्यातली अक्षरं चेपतात. फार जवळ जाण्यापेक्षा थोडं लांब राहून झूम करावं, कडा कमी वाकतात. दिवा डोक्यावर नको, बाजूने उजेड येऊ द्या, नाहीतर गुळगुळीत कागदावर पांढरा चट्टा उमटतो आणि तो नेमका एखाद्या फुग्यावर बसतो. वर्तमानपत्राचा कागद पातळ असतो, मागच्या बाजूची छपाई आरपार दिसते. पानाखाली काळा कागद सरकवला की ती बरीचशी नाहीशी होते. रंग छापताना वापरलेल्या बारीक ठिपक्यांमुळे फोटोत कधी कधी लाटांसारखी जाळी दिसते. ती पट्टीत नसते, ठिपके आणि कॅमेऱ्याचा संवेदक यांच्या जुळणीतून तयार होते. फोन थोडा मागे किंवा पुढे नेऊन पुन्हा फोटो घेतला की ती बदलते, बहुधा जाते.

फोटो दुसऱ्याने पाठवलेला असेल तर तो मोठा करून प्रत्येक चौकट वेगळी बघा. संवाद वाचून झाले की पुन्हा एकदा, या वेळी शब्द झाकून, फक्त चित्रं बघा. कोणाच्या हातात काय आहे? जमिनीवर काय पडलंय? कोण कुठे बघतंय? आपल्या पट्टीच्या चौथ्या चौकटीत चिऊच्या पायाशी तीन छोट्या रेघा आहेत. घाईत त्या कचरा वाटतात. मोठं करून पाहिलं की कळतं, तेच तीन स्क्रू आहेत, तिच्या हातातून खाली पडलेले. ही बारीक गोष्ट शेवटी फार कामाला येणार आहे.

फुग्यांचा क्रमही तपासा. डावीकडून उजवीकडे वाचल्या जाणाऱ्या पट्टीत वरचा फुगा आधी, आणि दोन फुगे एकाच उंचीवर असतील तर डावीकडचा आधी. जपानी पट्ट्यांमध्ये दिशा उलटी असते, आणि तिथली चार चौकटींची पट्टी बहुधा वरून खाली उतरते. क्रम चुकला तर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो, आणि मग तुम्ही ज्याचा शोध घेताय तो विनोदच चुकीचा असतो. फुग्याची शेपटी टोकदार आहे की लहान लहान गोळ्यांची, हेही पाहा. गोळ्यांची शेपटी म्हणजे पात्र मनात बोलतंय, समोरच्याला ते ऐकू गेलेलं नाही. बरेच विनोद एवढ्याच फरकावर उभे असतात.

हे सगळं झाल्यावर पट्टी कागदावर उतरवून काढा, वर मी उतरवली आहे तशी: चौकट, चित्र, कोण बोललं, काय बोललं. अक्षर न् अक्षर जसंच्या तसं. एखादा शब्द फोटोत लागत नसेल तर अंदाजाने भरू नका, जागा मोकळी ठेवून प्रश्नचिन्ह करा. अंदाजाचा शब्द पुढे तुमच्याच लक्षात राहत नाही, आणि तो त्या पात्राचा शब्द समजून तुम्ही सातव्या चौकटीत वापरता.

विनोदाचं यंत्र एका वाक्यात पकडा

इथे थांबून विचार करायला हवा. पट्टी कशाबद्दल आहे ते सोपं आहे: काकाचं स्टूल मोडतं. पण हसू त्याचं येत नाही. माणूस पडला हे चित्र आपण हजारदा पाहिलंय. हसू येतं ते "राखीव" या शब्दावर. काका आपल्या प्रत्येक चुकीला एक भारदस्त नाव देतो. सूचना न वाचणं हा आळस, त्याला तो बुद्धीवरचा विश्वास म्हणतो. स्क्रू उरणं ही चूक, त्याला तो राखीव साठा म्हणतो. चिऊ मात्र त्याच्याशी वाद घालत नाही. ती त्याचा शब्द खरा धरते आणि अक्षरशः वापरते. राखीव आहेत ना, मग गरज पडली की काढायचे. काकाच्या शब्दानेच काका उघडा पडतो, आणि तिच्या मनात तसं काही होतं का, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही.

म्हणून यंत्राचं वाक्य असं होईल: काका चुकीला मोठं नाव देतो, चिऊ ते नाव खरं मानून वापरते.

हे वाक्य लिहून समोर ठेवा. ते खरं आहे का, हे तपासायची एक युक्ती आहे. पट्टीतली वस्तू बदलून बघा. स्टुलाऐवजी तंबू घेतला, स्क्रूऐवजी खुंट्या उरल्या, तरी विनोद चालतो का? चालतो. म्हणजे यंत्र वस्तूत नाही, दोघांच्या नात्यात आहे. आता चिऊच्या जागी काकाला रागावणारी मोठी व्यक्ती ठेवा आणि "मी सांगितलं होतं" म्हणायला लावा. विनोद मरतो. म्हणजे चिऊचा सरळपणा हा यंत्राचा भाग आहे, तो काढता येणार नाही.

सगळ्या पट्ट्यांचं यंत्र असं नात्यात नसतं. एखादीचा विनोद दोन अर्थांच्या शब्दावर असतो. ती पुढे नेणं जास्त अवघड, कारण तोच शब्द तिसऱ्या अर्थाने वापरता आला तरच पुढची चौकट लागते, आणि तिसरा अर्थ नसेल तर ओढाताण दिसते. अशा वेळी शब्द सोडून द्या आणि ज्याचा गैरसमज झाला त्या पात्राला त्या गैरसमजानुसार वागू द्या. विनोद शब्दातून कृतीत सरकतो, पण धागा तुटत नाही.

आवाज: पात्र काय बोलतं यापेक्षा कसं बोलतं

उतरवलेल्या संवादांवर आता पेन्सिल चालवा, प्रत्येक पात्रासाठी वेगळी. मी साधारण चार गोष्टी बघतो.

पहिली म्हणजे वाक्याची जात. चिऊच्या तीन वाक्यांपैकी दोन प्रश्न आहेत आणि एक नुसती माहिती. ती मत देत नाही, टोमणा मारत नाही, उद्गारचिन्ह तर एकही नाही. काका कधी प्रश्न विचारत नाही. तो व्याख्या करतो. "म्हणजे" हा त्याचा आवडता सांधा, आणि "अमुक नाही, तमुक आहे" हा त्याचा साचा.

दुसरी, शब्दांचा पोत. काकाच्या तोंडी जड, भारदस्त शब्द आहेत: सूचनापत्रिका, अविश्वास, राखीव. चिऊ त्याच कागदाला "हे" म्हणते. म्हणजे पुढे तिच्या तोंडी तो कागदच राहील, सूचनापत्रिका होणार नाही. हा नियम एकदाच मोडता येतो: जेव्हा ती काकाचा शब्द मुद्दाम उचलते, तेव्हा. चौथ्या चौकटीत "राखीव" तिच्या तोंडी इतकं उठून दिसतं, कारण बाकी सगळे शब्द तिचे साधे आहेत. तिला आधीपासून जड शब्द दिले असते तर हा उचललेला शब्द दिसलाच नसता.

तिसरी गोष्ट मराठीत फार महत्त्वाची आहे आणि नेमकी तीच सुटते: संबोधन आणि क्रियापदाचं रूप. कितीतरी घरांत काकाला "अरे काका" म्हणतात, कितीतरी घरांत "अहो काका". इथे अंदाज करायचा नाही, पुरावा शोधायचा. "वाचलंत" या एका शब्दात तो आहे, चिऊ काकाला "तुम्ही" म्हणते. पुढच्या तीन चौकटींत कुठेही "काका, तू पडलास?" आलं की वाचकाला कारण सांगता आलं नाही तरी खटकतं. तसंच लिहिण्याच्या पद्धतीचं. मूळ पट्टीत "वाचणं", "दाखवणं" असं अनुस्वाराचं बोलतं रूप आहे. तुम्ही "वाचणे", "दाखवणे" लिहिलंत की ते पात्र अचानक सरकारी पत्रासारखं बोलू लागतं. उलट, एखाद्या पट्टीत एक पात्र मुद्दाम पुस्तकी बोलत असेल, "मला असे वाटते" म्हणत असेल, तर ती लेखकाची निवड आहे, ती सुधारायला जाऊ नका.

चौथी, लांबी. फुग्यांतले शब्द खरोखर मोजा. आपल्या पट्टीत पहिल्या चौकटीत 10, दुसरीत 8, तिसरीत 0, चौथीत 4. एकूण 22. काकाचं सगळ्यात लांब वाक्य 7 शब्दांचं, चिऊचं 4 शब्दांचं. बिनशब्दांची तिसरी सोडली तर शेवटच्या चौकटीकडे येताना शब्द कमी होत जातात, हेही आकड्यांतून दिसतं. तुमची एखादी चौकट 18 शब्दांची झाली तर ती कितीही छान असो, या पट्टीची वाटणार नाही.

पहिला प्रयत्न, आणि तो का फसतो

पहिल्या फटक्यात बहुतेकांच्या हातून साधारण असं काहीतरी येतं:

पाचवी. काका: आई गं! माझी कंबर मोडली!
चिऊ: हा हा! काका, तुमची चांगलीच फजिती झाली!
सहावी. काका: खरंच, मी सूचना वाचायला हव्या होत्या.
सातवी. चिऊ: आता तरी मोठ्यांनी लहानांचं ऐकावं!

यात व्याकरणाची चूक नाही, गोष्टही पुढे जाते. पण पाचव्या चौकटीत काका पहिल्यांदाच खरं बोलला. तो पडलो, लागलं असं म्हणाला की यंत्र बंद पडतं, कारण यंत्र त्याच्या खरं न बोलण्यावर चालत होतं. चिऊ हसली तेव्हा तिचा सरळपणा गेला. आता ती हुशार मुलगी झाली, जिला सगळं आधीच माहीत होतं. सहाव्या चौकटीत काका सुधारला. चित्रपट्टीतलं पात्र सुधारलं की उद्याची पट्टी कशावर काढणार? आणि सातव्या चौकटीत तात्पर्य आलं, जे चौथ्या चौकटीने न बोलता सांगून टाकलं होतं.

तुमच्या मसुद्यात असं झालंय का ते कळण्याची एक सोपी खूण आहे. तुमच्या चौकटींत एखादं पात्र विनोद समजावून सांगतंय का? "फजिती", "गंमत", "हा हा" असे शब्द दिसले की समजावं, विनोद पात्रांनी केला नाही, लेखक बाहेरून सांगतोय.

तीन चौकटींची चाल

तीन चौकटींना तीन कामं असतात. पाचवीने बंद झालेलं दार उघडायचं, सहावीने नवीन काहीतरी आत आणायचं, सातवीने पुन्हा बंद करायचं, आणि शक्यतो आधीपेक्षा घट्ट.

पाचवी चौकट चौथीच्या पुढच्याच क्षणी ठेवा. "दुसऱ्या दिवशी" असं लिहून उडी मारण्याचा मोह होतो, पण उडी मारली की आधीची हवा निघून जाते. काका अजून जमिनीवरच आहे. आता यंत्राचं वाक्य वाचा: काका चुकीला मोठं नाव देतो. सगळ्यात ताजी चूक कोणती? पडणं. त्याला तो काय म्हणेल? मी पाच-सहा नावं कागदावर लिहिली: विश्रांती, भूमिपरीक्षा, भारचाचणी, उंची तपासणं, जमिनीशी संपर्क. "भारचाचणी" चटकन हसवतं, पण तो शब्द स्टुलाबद्दल बोलतो आणि ती चाचणी नापास झाली हे काकालाही मान्य करावं लागतं. "उंची तपासली" यात तो स्वतः काहीतरी करत होता असा आव आहे, म्हणून ते त्याचं. शिवाय "अमुक नाही, तमुक" हा त्याचा साचाही बसतो:

काका: पडलो नाही. आसनाची उंची तपासली.

स्टूल हा शब्द काका वापरणार नाही, त्याच्यासाठी ते आसन. आता चिऊ. ती नाव खरं मानते. उंची तपासली म्हटल्यावर पुढचा सरळ प्रश्न काय?

चिऊ: किती भरली?

सहाव्या चौकटीत नवीन गोष्ट हवी, पण नवीन माणूस नको. दारातून काकू आणणं, शेजारी आणणं, कुत्रा आणणं ही पळवाट आहे. तीन चौकटींत नव्या पात्राची ओळख करून देण्यात एक चौकट जाते. जे फोटोत आहे तेच वापरा. चिऊच्या हातातला कागद पहिल्या चौकटीनंतर कोणी उघडलेलाच नाही. माझा पहिला मसुदा असा होता:

चिऊ: काका, कागदात लिहिलंय, दोन माणसं लागतात.
काका: आहोत की. एक जोडणारा, एक साक्षीदार.

एकूण 12 शब्द, मूळच्या सगळ्यात भरलेल्या चौकटीहून जास्त. आणि बारकाईने पाहिलं तर चिऊचं वाक्य तिचं नाही. "लागतात" म्हणताना ती निष्कर्ष काढते, काकाला सुनावते. तिने फक्त दिसलं ते सांगायला हवं. जोडणीच्या कागदांवर बहुधा शब्दांपेक्षा चित्रंच जास्त असतात, तेव्हा:

चिऊ: काका, कागदावर दोन माणसं काढलीत.
काका: एक जोडणारा, एक साक्षीदार.

9 शब्द. "आहोत की" गेलं त्याचं थोडं वाईट वाटलं, त्यात बोलण्याची लय होती. पण "की" लावून मनवणारा स्वर काकाचा नाही. तो जाहीर करतो.

सातव्या चौकटीत दार लावायचं. इथे आधीचा एखादा शब्द परत आणणं सगळ्यात परिणामकारक ठरतं, मात्र तो नवीन कामाला लावलेला हवा. "राखीव" हा शब्द दुसऱ्या चौकटीत काकाने दिला, चौथीत चिऊने वापरला. तिसऱ्यांदा तो स्क्रूंबद्दलच आला तर शिळा होईल. म्हणून त्याला दुसऱ्या गोष्टीवर ठेवायचं. सहाव्या चौकटीने आपल्याला साक्षीदार दिलाय. साक्षीदाराकडे काय असतं? पाहिलेलं, बोलायचं असलेलं. काकाला ते बाहेर पडू द्यायचं नाही, आणि तेही तो व्याख्या करूनच सांगणार:

काका: साक्षीदार बोलत नसतो.
चिऊ: बरं. राखीव ठेवते.

साक्षीदार बोलण्यासाठीच असतो, म्हणजे काकाची व्याख्या नेहमीसारखी उलटी आहे. चिऊ नेहमीसारखी ती मानते. फक्त तिच्या मानण्यातून एक गोष्ट निघते: राखीव म्हणजे गरज पडली की काढायचं. चौथ्या चौकटीत तिनेच तसं विचारलं होतं. ती धमकी देते आहे का? तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही, आणि कळू देऊ नये.

आता फोटोतले ते तीन स्क्रू आठवा. सातव्या चौकटीत हे बोलताना चिऊ जमिनीवरचे स्क्रू उचलून खिशात टाकताना काढली तर "राखीव ठेवते" एकाच वेळी दोन्ही गोष्टींना लागतं, बोलण्यालाही आणि स्क्रूंनाही. शिवाय आता ते स्टूल जुळणार नाही, हेही वाचकाला दिसतं. फोटो नीट पाहिला नसता तर ही जागा सापडली नसती.

तिन्ही चौकटींचे शब्द झाले 7, 9 आणि 6. बेरीज 22, मूळ पट्टीइतकीच. बेरीज जुळलीच पाहिजे असं काही नाही, पण चढउतार जवळपास असावा.

संवाद चौकटीत बसतात का

चित्र दुसरं कोणी काढणार असेल, किंवा तुम्ही नुसते संवाद देणार असाल, तरी हे तपासावंच लागतं. मूळ पट्टीत काका डावीकडे खाली बसलेला आणि चिऊ उजवीकडे उभी आहे. उभ्या माणसाचा फुगा आपोआप वर जातो, म्हणून पहिल्या दोन चौकटींत चिऊ आधी बोलते ते सहज वाचलं जातं. आपल्या पाचव्या आणि सातव्या चौकटीत मात्र काका आधी बोलतो, आणि तो तर जमिनीवर आहे. काहीच केलं नाही तर वाचक "किती भरली?" आधी वाचेल आणि गोंधळेल.

दोघांच्या जागा बदलणं हा उपाय नाही. चौकटीगणिक पात्रं डावी-उजवी झाली की कोण कोण हेच नीट लागत नाही. त्याऐवजी चिऊला खाली आणा. पाचवीत ती वाकून पडलेल्या काकाकडे बघतेय, सातवीत उकिडवी बसून स्क्रू उचलतेय. सहावीत कागद उघडून उभी, म्हणून तिथे तीच आधी बोलते. पाचवीत आणि सातवीत काकाचा फुगा वर डावीकडे, शेपटी लांब. चिऊचा त्याच्या खाली उजवीकडे. संवाद लिहितानाच एक-दोन शब्दांत ही चित्रसूचना सोबत लिहून ठेवा.

अक्षरांचंही थोडं बघा. इंग्रजी पट्ट्यांत सगळी मोठी अक्षरं वापरायची पद्धत रुळली आहे, देवनागरीत ती सोय नाही, त्यामुळे जोर दाखवायला अक्षर ठळक किंवा मोठं करतात, किंवा "काऽऽय" असं लांबवतात. मूळ पट्टीत यातलं जे वापरलंय तेवढंच वापरा. आपल्या पट्टीत काहीच ठळक नाही. म्हणून सातव्या चौकटीतलं "राखीव" ठळक करण्याची ऊर्मी आली तरी करायचं नाही. वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार येत असल्याने ओळींमध्ये अंतर जास्त लागतं. दोन ओळींचा फुगा आखताना आधी शब्द लिहा, मग भोवती रेघ काढा. फुगा आधी काढला की शेवटचा शब्द हमखास चेपतो.

वाचून पाहणं

नावं काढून टाका आणि सातही चौकटींचे नुसते संवाद ज्याने पट्टी पाहिलेली नाही अशा कोणाला तरी मोठ्याने वाचायला द्या. कोणतं वाक्य कोणाचं ते त्याला ओळखता यायला हवं. अडखळला तर तिथे आवाज सुटलाय. मग चित्रांसह दाखवा आणि विचारा, मूळ पट्टी कुठे संपली असं वाटतं? त्याने चौथ्या चौकटीकडे बोट दाखवलं तर लगेच निराश होऊ नका, तिथे एक विनोद फुटतोच. कशावरून वाटलं, ते विचारा. "इथून पुढे जास्त बोलतायत" असं उत्तर आलं तर शब्द कापा. "इथून काका वेगळा वाटतो" असं आलं तर यंत्राच्या वाक्याकडे परत जा.

दोन दिवसांनी मी स्वतः हीच पट्टी वाचली तेव्हा पाचव्या चौकटीत "आसनाची" काढून टाकावंसं वाटलं. "पडलो नाही. उंची तपासली." हे जास्त चटपटीत आहे. शेवटी तो शब्द ठेवला, कारण त्याशिवाय काका नुसता हजरजबाबी वाटतो. जड शब्द गेला की तो कोणीही होतो.

पट्टी कोणाला दाखवणार असाल तर मूळ चौकटी कोणाच्या आहेत ते चित्रकाराच्या नावासह लिहा आणि पाचवीपासून पुढचं तुमचं आहे हेही लिहा. मूळ चित्रकाराची कोपऱ्यातली सही चौथ्या चौकटीतच राहू द्या, तुमच्या सातव्या चौकटीत ती उतरवू नका. सराव म्हणून वहीत केलेलं काम वेगळं. छापायचं किंवा विकायचं असेल तर आधी मूळ चित्रकाराची किंवा प्रकाशकाची परवानगी घ्यायला हवी.